दोन पानांची पंगत

भाऊ कॅनडात असतो. आईला घेऊन त्याच्याकडे जायचं ठरलं, तेव्हा वाशीमच्या तिकीट एजंटने मला सगळं बजावून सांगितलं. विमानातलं खास जेवण दोन दिवस आधी नोंदवावं लागतं. परतीचं वेगळं नोंदवायचं. जागा बदलायची नाही, कारण ताट जागेचा नंबर बघून येतं. आणि माणशी एकच प्रकार. आईला बीपी आहे, शुगरही आहे. म्हणजे कमी मिठाचं किंवा शुगरवाल्यांचं, दोन्ही नाही. ती इन्सुलिन घेते, म्हणून शुगर जिंकली. हे ताट सगळ्यांच्या आधी येतं, असंही तो म्हणाला. मला ते सोयीचंच वाटलं.

ताट खरंच आधी आलं. एअर होस्टेसने नंबर विचारून ते आईसमोर ठेवलं. ताट समोर आलं की सुई, हा डॉक्टरांचा नियम आईला पाठ आहे. तिने सुई टोचून घेतली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

मी जेव म्हटलं.

"सगळ्यायले वाढून होऊ दे," ती म्हणाली. "पंगतीत पयले हात घालाले मी का उपाशी मरून राह्यली?"

वाशीमकडच्या मालेगावजवळ आमचं गाव, तिथे शेवटच्या पानावर वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. ही पंगत शेकडो माणसांची होती आणि वाढप्यांची गाडी अजून पार पुढे होती. मी समजावलं, मग रागावले. डॉक्टरांचं नाव काढलं. आईने डॉक्टरांनाही थांबायला सांगितलं.

थोड्या वेळाने तिच्या कपाळावर घाम आला आणि हात थरथरायला लागले. मी ताटात साखर शोधायला लागले. शुगरवाल्यांच्या ताटात साखर कोण ठेवणार? घंटी दाबली. संत्र्याचा रस आला आणि तो आई मुकाट्याने प्याली, कारण रस म्हणजे जेवण नव्हे. थरथर थांबली. तोवर गाडी आमच्या ओळीपर्यंत पोहोचली होती, आणि आमच्या मागे अजून कितीतरी ओळी होत्या. मग मात्र मी तिचं ऐकलं नाही, सरळ भरवलं. जेवताना ती मागे वळून वळून लोकांकडे बघत होती.

परतीच्या वेळी भावाने आईचं जेवण वेळेत नोंदवलं. माझंही तेच नोंदव, असं मी त्याला सांगितलं. तो 'का?' म्हणाला, मी 'कर' म्हटलं.

दोन्ही ताटं एकदम आली. आई माझ्या ताटाकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला.

"तुले कधी झाली शुगर?"

"नाई झाली. तुया पंगतीले बसली मी."

तिने सुई घेतली, माझ्या ताटावरचं झाकण काढून दिलं, आणि जेवायला लागली.

भाजी मिळमिळीत होती. मी सगळी खाल्ली.