परवा म्हणजे कुठला दिवस?

मिरकरवाड्याच्या जेट्टीवर कनीज होडेकरला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. बोटमालकांच्या संस्थेच्या छोट्याशा ऑफिसात ती बसते. डिझेलच्या पावत्या, खलाशांची ओळखपत्रं, कुणाचा ताप, कुणाच्या घरचा फोन, सगळं तिच्याच टेबलावर येतं. नवरा कमाल गेली कित्येक वर्षं कतारला. घर आणि जेट्टी अशा दोन्ही आघाड्या तिनं एकटीनं सांभाळल्या. आवाज मोठा, पण मनाला फार लावून घेणारी बाई.

जेट्टीचा व्हॉट्सअॅप ग्रुप तीच चालवते. त्यात इथले मालक आणि बोटी चालवणारे तांडेल आहेत, नेपाळी खलाशी आहेत, कारवार-भटकळकडचे कन्नड बोलणारे आहेत. पूर्वी ती फक्त मराठीत सूचना टाकायची आणि मग दिवसभर एकेकाला हिंदीत समजावत बसायची. मोबाइलमध्ये भाषांतराचं अॅप आलं तेव्हा तिला हायसं वाटलं.

त्या मंगळवारी जेट्टीवरच्या पाण्याच्या टाकीला आतून गळतीरोधक रसायनाचा लेप देऊन झाला होता. टाकी भरून ठेवली होती ती फक्त गळते का ते बघायला. गुरुवारी सकाळी ते पाणी सोडून देऊन, टाकी धुऊन नव्यानं भरायची होती. तोवर पाणी डेक धुवायला चालणार होतं, प्यायला नाही. पण दुपारच्या भरतीला बोटी सुटायच्या होत्या, आणि सुटण्याआधी सगळे त्याच टाकीवर पिण्याच्या पाण्याचे कॅन भरतात.

संस्थेचा सेक्रेटरी हर्षद घाईघाईनं आत आला. "कनीजताई, सूचना टाका लगेच."

तिनं लिहिलं, 'टाकीचं पाणी परवापर्यंत पिण्यास मनाई.' अॅपमध्ये घातलं, नेपाळी आणि कन्नड करून घेतलं. तिची एक सवय होती. आलेलं भाषांतर उलटं फिरवून परत मराठीत आणायचं आणि बघायचं. नेपाळी वाक्य तिनं तसं फिरवलं. आलं, 'टाकीचे पाणी परवापर्यंत पिण्यास मनाई.' शब्दाला शब्द.

"जुळलं की! टाका आता," हर्षद म्हणाला.

तिचा अंगठा बटणावर गेला आणि थांबला. पाण्याची गोष्ट आहे, एकदा कुणाला तरी दाखवावं, असं तिला वाटलं. खिडकीतून तिनं हाक मारली, "खिम, जरा इकडे ये रे!"

खिम हा नेपाळचा खलाशी. बरेच हंगाम इथे काढल्यानं मराठी बोलायचा. दोन्ही हातांत रिकामे कॅन घेऊन तो टाकीकडेच निघाला होता. त्यानं दारातूनच मोबाइलवरचं वाचलं, मान हलवली आणि म्हणाला, "ठीक आहे, कनीजखाला. मग भरतो मी पाणी."

"भरतोस? अरे, काय लिहिलंय त्यात?"

"'अस्तिसम्म' मनाई. अस्ति म्हणजे रविवार. रविवारपर्यंत बंदी होती, आता नाही. असंच ना?"

"अरे, गुरुवार! येणारा परवा!"

"त्याला आम्ही पर्सि म्हणतो," खिम म्हणाला आणि कॅन खाली ठेवले. "अस्ति म्हणजे गेलेला."

हर्षद खुर्चीत बसला. "आपण दोन्हीला परवाच म्हणतो, ताई. मशीननं मागचा परवा धरला. उलटं फिरवल्यावर तो परत परवाच होणार. कळणार कसं?"

"गेला असता आता मेसेज," कनीज एवढंच म्हणाली.

मग तिनं सगळं पुसलं. नवीन लिहिलं, लहान लहान वाक्यांत: 'टाकीचं पाणी पिऊ नका. ते फक्त डेक धुवायला वापरा. गुरुवारी सकाळी नवीन पाणी भरू. पिण्याचं पाणी चालू होईल तेव्हा ग्रुपवर कळवू.' पुढे तारीखही घातली. अॅपनं नेपाळी दिलं. खिमनं ते मोठ्यानं वाचलं आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ आपल्या मराठीत सांगितला. कन्नड अक्षर तिला वाचताही येत नव्हतं, म्हणून शेजारच्या बोटीवरच्या मंजुनाथला बोलावलं. तिनं मोबाइलवरचा मराठी मजकूर झाकला आणि म्हणाली, "यात काय लिहिलंय ते तूच सांग." त्यानं बरोबर सांगितलं, वारासकट. तेव्हा कुठे तिनं तिन्ही भाषांतली सूचना टाकली. वर खिमकडून नेपाळीत आणि मंजुनाथकडून कन्नडमध्ये मोबाइलमध्ये बोलून घेतलं आणि तेही ग्रुपवर पाठवलं, कारण सगळ्यांनाच वाचता येत नव्हतं.

हर्षदनं पाण्याचा टँकर मागवला. ग्रुपवर अंगठे उमटू लागले. टाकीच्या नळाशी उभे असलेले दोघेजण मोबाइल बघून कॅन उपडे करताना तिला खिडकीतून दिसले.

भरतीला बोटी एकामागून एक सुटल्या, टँकरचं पाणी घेऊन. कनीज जेट्टीच्या कडेला येऊन उभी राहिली. खिमनं लांबून हात केला. तिनंही केला, आणि बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण काही खाल्लेलंच नाही. ती डबा उघडायला आत वळली. माशांचं कालवण गार झालं होतं, पण तिनं ते चाटूनपुसून खाल्लं.