मोरीतला आभला

पिशवीची गाठ सुटली आणि मी खुर्चीसकट मागं सरकले.

सिस्टरांनी माझ्या टेबलावर त्यांच्या आईची कांचळी पसरली. कांचळी म्हणजे तांड्यावरच्या बायका घालतात ती आरशांची चोळी. ती निदान पन्नास वर्षं अंगावर, नंतर पत्र्याच्या पेटीत राहिलेली. घाम, चुलीचा धूर, खोबरेल तेल, उंदीर आणि या सगळ्यांना झाकायला कुणीतरी टाकलेली डांबरगोळी. काखेतलं कापड चामड्यासारखं कडक झालं होतं. मी नाकाला पदर लावला आणि सर्दी झाल्याचं सांगितलं. सिस्टर सरकारी दवाखान्यात नोकरीला. वासावरून चेहरा वाकडा करणं हा प्रकार त्यांना माहीतच नाही.

मी देवपूरमध्ये घरीच आरसेकाम करते. नवरात्राच्या घागऱ्यांपासून लग्नाच्या ब्लाऊजपर्यंत सगळं. कामाचं कौतुक होतं, पण माणूस म्हणून मी घाणेरडी आहे. म्हणजे मला सगळ्याची घाण वाटते. दुधावरची साय, दुसऱ्याचा कंगवा, सांडलेल्या वरणात भिजलेलं फडकं. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, म्हणतात की हिला देवानं नाक देताना हात सैल सोडला.

सिस्टरांचं काम सोपं होतं, ऐकायला. कांचळीचं कापड विरलं होतं, पण आभले, म्हणजे ते टिकलीएवढे आरसे, शाबूत होते. एकतीस. ते काढून त्यांच्या मुलीच्या हळदीच्या ओढणीवर बसवायचे. आजीनं नातीचं लग्न बघायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं. निदान तिचे आभले तरी मांडवात यावेत, एवढंच. असली काच आता मिळत नाही. हल्लीचे आभले यंत्रावर कापलेले, गोल आणि सपाट. हे हातानं फोडलेले, एक लांबट, एक त्रिकोणाकडे झुकलेला, आणि काच फुगवून केलेली असल्यामुळे प्रत्येकाला किंचित पोट.

मी हातमोजे घालून, खिडकीत बसून, नाकानं श्वास न घेता ते उसवले. तेव्हा एक गोष्ट दिसली होती, आणि ती तेव्हाच डोक्यात शिरायला हवी होती. आभल्याखालचं कापड कुजून पिठासारखं झालं होतं. काचेच्या कडेला काळ्या मळाचं कडं साचलं होतं, नखानं खरवडावं लागलं. पण वरचे पायाचे टाके तसेच घट्ट. कात्री लावली तेव्हा दोरा टणकन तुटला.

पायाचे टाके म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचा सगळा तमाशा त्यांच्यावरूनच झाला. आभला कापडावर ठेवायचा. त्याच्यावरून दोन आडवे दोरे, मग दोन उभे, आणि उभे नेताना आडव्याला प्रत्येक ठिकाणी वळसा. काचेवर चौकट तयार होते. मग तशीच दुसरी, तिरकी. हे दोरे काठाला चिकटवून घ्यायचे नाहीत, आतल्या बाजूला घ्यायचे आणि ताणून ओढायचे. कारण नंतर वरची नक्षी याच दोऱ्यांना धरून गोल फिरते आणि त्यांना बाहेर खेचते. पाया आधीच सैल किंवा काठावर असला, तर नक्षीच त्याला काचेवरून बाहेर ओढते. काच मग नुसती पाहुणी.

हे मला शिकवलं आमच्या गल्लीतल्या आपांनी. त्यांच्या घरात तीन पिढ्या जरी आणि आरशाचं काम. आपांचा एकच नियम होता: कपडा गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी पहिली आंघोळ आपल्या बादलीत. मी वीस वर्षं तो पाळला.

मग मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. लांब नखांची एक मुलगी, प्रत्येक आभल्यामागं पांढऱ्या डिंकाचा ठिपका, टचकन चिकटव, वरून चार टाके, झालं. इकडे माझे पोटवाले आभले बोटाखाली डुलत होते, दोरा घ्यायला जावं तर घसरत होते, आणि लग्न आठ दिवसांवर आलं होतं. मी सुताराकडून डिंकाची वाटी भरून आणली.

तो डिंक! नासक्या दुधाचा वास आणि शेंबडाची तार. बोटांवर वाळला की कातडीसारखा सोलून निघतो, त्या सालीवर स्वतःच्याच बोटाचे ठसे असतात. माझ्यासारखीनं ते कसं सहन केलं विचारू नका. आळसापुढे किळसही गप्प बसते. अक्का स्वयंपाकघरातून दर तासाला ओरडत होत्या, “बठ्ठा घरमा वास शे,” सगळ्या घरात वास म्हणून.

डिंकानं काच हलेना, आणि हलेना म्हटल्यावर माझा हात सैल पडला. ताणायचं कशाला? तिरकी चौकट तर मी गाळूनच टाकली. वरून लाल-हिरवी नक्षी अशी झोकात फिरवली की मीच ओढणी अंगावर घेऊन आरशासमोर दोन गिरक्या घेतल्या. धुतली नाही. वाळायला वेळ कुठे होता, असं मनाला सांगितलं.

सिस्टर ड्युटीवरून थेट आल्या. ओढणी हातात घेतली, डोळे भरले, पुसले, आणि म्हणाल्या, “ताई, एक बादली द्या.”

मी म्हटलं रंग जाईल. त्या म्हणाल्या, जाऊ द्या. मी म्हटलं, आज नळाला पाणी नाही. त्यांनी दारातल्या भरलेल्या ड्रमकडे पाहिलं. मी म्हटलं, साबण संपलाय. त्यांनी पर्समधून साबणाची वडी काढली. दवाखान्यातली माणसं तयारीनं हिंडतात.

“ही हळदीत माखणार, दुसऱ्या दिवशी धुणार,” त्या म्हणाल्या. “पडायचे असतील तर इथं पडू देत. तिकडं तांड्यावर कुठं शोधू?”

मी बादली काढली. त्या मोरीत उकिडव्या बसल्या आणि ओढणी कोमट पाण्यात बुडवली. चोळली नाही, पिळली नाही. नुसती दाबत राहिल्या. थोड्या वेळानं पाणी पांढुरकं झालं. मग त्याच्यावर साय धरावी तसे तुकडे तरंगायला लागले. सिस्टरांनी ओढणी उचलली आणि पहिला आभला नक्षीच्या कड्यातून शेंगेतून दाणा निसटावा तसा सुळकन घसरला. मग दुसरा. मग मोजणं सोडलं. कापडावर नुसती रिकामी कडी राहिली, डोळे काढून घेतल्यासारखी.

सिस्टर ओढणी घेऊन उजेडाकडे वळल्या आणि मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मूर्ख प्रकार केला. ते पांढरं पाणी त्यांना नीट दिसू नये म्हणून बादली मोरीत उपडी केली. वर म्हटलं, काय खळ असते हो हल्लीच्या कापडाला!

फरशीवरचे आभले आम्ही दोघींनी वेचले. तीस. पुन्हा मोजले. तीसच. मोरीच्या जाळीचा एक कोपरा गेल्या दिवाळीपासून तुटलेला आहे.

सिस्टर त्या तुटक्या कोपऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी पर्स उघडली आणि रबरी हातमोजे पुढे केले.

मी ते घातले, जाळी काढली आणि हात खाली घातला. मोज्यातून काच कळेना. सगळंच बुळबुळीत. मोजा काढला. डोळे मिटले. आणि मी, जी स्वतःच्या मुलाची उष्टी बशीसुद्धा चिमटीत धरते, ती कोपरापर्यंत मोरीत गेले.

साबणाचा थर, चहाची पावडर, फुगलेला भात, कशाचं तरी साल, आणि त्याच्याखाली गार, मऊ, सूज आल्यासारखं काहीतरी, जे माझ्या बोटांभोवती गुंडाळलं गेलं. बाहेर काढलं तर केसांचा गोळा. अक्कांचे पांढरे, माझे मेंदीचे, वर राखाडी लगदा. तो मी फरशीवर ठेवून दोन काड्यांनी उलगडला. आत आभला होता. लांबट, पोटवाला, एका कडेनं पारा उडालेला.

सिस्टरांनी तो घेतला, ड्रममधल्या पाण्यानं धुतला, पदराला पुसला आणि आधी स्वतःला त्यात पाहून घेतलं. मग विचारलं, “डिंक होता ना?”

मी हो म्हटलं. नाटक करायला हात रिकामे नव्हते. एकावरून अजून मोरी ठिबकत होती.

“तीन दिवस आहेत,” त्या म्हणाल्या आणि आभला माझ्या तळहातावर ठेवून गेल्या.

मी तीन वेळा हात धुऊन आपांकडे गेले. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी माझी बोटं नाकाशी नेली आणि झटकन सोडली. “छी. मी तुला सुई दिली होती बेटा, लापशी नाही.” पुढचे दोन दिवस मी त्यांच्या ओट्यावर बसून आभले कोमट पाण्यात भिजवले, नखानं डिंकाच्या साली काढल्या, धारदार कडा दगडावर घासल्या, म्हणजे दोरा कापला जाणार नाही. मग पाया. दोन्ही चौकटी, आतून, ताणून. पोटवाला आभला डुलतो, तर डाव्या अंगठ्यानं दाबून ठेवायचा. अंगठ्याला खड्डा पडेपर्यंत. एकेक झाला की आपा ओढणी हातात घेत, मागून बोटानं ढकलत. हलला की हातानं चाचपून कात्री मागत. नऊ वेळा मागितली. मोरीतल्या आभल्याचा पाया त्यांनी दोनदा कापला, आणि तोच ओढणीच्या मधोमध, कपाळावर येईल असा बसवायला लावला. तो कुठून आला ते मी सांगितलं नव्हतं.

या वेळी बादली मी स्वतः पुढे केली. मोरीच्या तोंडावर आधी फडकं कोंबलं. सिस्टरांनी दाबलं, उचललं, झटकलं. पाणी फक्त जरासं लाल झालं. त्यांनी अंगठ्यानं मधला आभला ढकलून पाहिला, घडी घातली आणि नेली.

लग्नानंतर चार दिवसांनी त्या पुन्हा आल्या. हातात तीच पिशवी, तीच गाठ. मी ओळखलं आणि मागं सरकले. आत ओढणी, न धुतलेली. हळद, तेल, दही, मावश्यांच्या पंज्यांचे ठसे, आणि बंद पिशवीत पिकलेला आंबूस दर्प.

“तुमच्याच बादलीत धुवायची,” त्या म्हणाल्या. “मी बघते.”

मी धुतली. पिवळं, तेलकट, कोमट पाणी, त्यात मी दोन्ही हात घातले, आणि मधोमधचा आभला बोटाला लागला तिथेच घट्ट बसलेला. एकतीस मोजले. तरी पाणी सोडवेना, म्हणून हाताला आलं त्या गाळण्यातून सगळी बादली गाळली. गाळण्यात चार अक्षता, एक लांब केस आणि पापडाचा तुकडा निघाला. आभला एकही नाही.

गाळणं चहाचं होतं. अक्कांना अजून सांगितलेलं नाही.