आण्णांची रेकी

आमच्या घरात परीक्षेच्या आदल्या दिवशी अभ्यास नसायचा, रेकी असायची. हा शब्द वडिलांनी फौजेतून आणला होता. आण्णा हवालदार म्हणून निवृत्त होऊन खंडाळ्याजवळच्या आमच्या गावी परतले, पण चढाईआधी जागा बघून यायची त्यांची सवय काही निवृत्त झाली नाही. लग्न मोडून मी माहेरी आले आणि सरळसेवा भरतीचे फॉर्म भरायला लागले, तेव्हा त्या सवयीला हक्काचं काम मिळालं. पुणे, सोलापूर, नाशिक, जिथे सेंटर येईल तिथे आम्ही आदल्या दिवशी दाखल. मी लॉजवर पुस्तक उघडायचे आणि आण्णा प्रवेशपत्राची झेरॉक्स खिशात घालून बाहेर पडायचे. परत आल्यावर उभ्या उभ्या रिपोर्ट: कोणतं गेट उघडतं, बॅगा कुठे ठेवू देतात, रिक्षा मिळाली नाही तर कोणत्या बोळातून चालत जायचं.

"रिपोर्टिंग टायम म्हंजी पोचायचा टायम न्हवं," ते दर वेळी बजावायचे. "तवा तू लायनीत उभी पायजेस. गेट एकदा बंद झालं की कलेक्टरची पोरगी आली तरी उघडत न्हाईत."

मला या सगळ्याचा राग यायचा. मी काय शाळकरी पोर होते? पण एकदाही माझं गेट चुकलं नाही, हेही खरं.

त्या खेपेला सेंटर सांगलीला आलं. वयाच्या अटीत मी बसत होते ती ही शेवटची भरती. पुढच्या जाहिरातीला मी बाद होणार होते, आणि नोकरी नाही तर माहेरच्या भाकरीवर किती दिवस, हा प्रश्न घरात कुणी विचारत नव्हतं म्हणूनच जास्त टोचायचा. एसटीने कऱ्हाड, आष्टा करत आम्ही सांगलीत उतरलो. शहर दोघांनाही नवं. स्टँडजवळच्या लॉजवाल्याने म्हातारा माणूस आणि त्याच्यासोबत बाई बघून भुवई वर केली. आण्णांनी दोघांची आधार कार्डं आणि वर आपलं माजी सैनिकाचं कार्ड काउंटरवर ठेवलं. "मुलगी हाय माझी. उद्या पेपर हाय तिचा. गरम पाणी सकाळी कवा येतंय ते सांगा." भुवई खाली आली.

मग ते रेकीला गेले. परतायला जरा उशीर झाला, पण रिपोर्ट नेहमीसारखा ठणठणीत. "मोठं लोखंडी गेट हाय. म्होरं लिंबाचं झाड, त्येच्या बुडाला चहाची टपरी. बायकांची लाईन डाव्या बाजूला. हितनं चालत जाण्यासारखं हाय, रिक्षा कशाला?"

लिंब आणि टपरी सोलापूरच्या सेंटरलाही होती, हे माझ्या मनात येऊन गेलं. पण टपरी कोणत्या गेटापुढे नसते? मोबाईलवर नकाशा बघायचा प्रश्नच नव्हता. आण्णांनी रेकी केल्यावर नकाशा बघणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं पाडणं.

सकाळी ते पुढे आणि मी मागे. चाल तीच, फौजी. पहिला चौक गेला, दुसरा गेला, एका शाळेला वळसा पडला आणि आम्ही पुन्हा पहिल्याच चौकात आलो. आण्णा थांबले. समोर एक बंद शटर होतं.

"हितंच व्हतं गेट," ते म्हणाले.

"आण्णा, हे दुकान आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, घाई नव्हती. शहर सोडाच, आपण कशासाठी बाहेर पडलो हेच त्यांना आठवत नव्हतं. घरात किल्ल्या हरवत होत्या, शेजाऱ्याचं नाव चुकत होतं, त्याला आम्ही वय म्हणून हसत होतो. त्या शटरपुढे मला कळलं की हे वय नाही.

मी मोबाईल काढला. सेंटर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मिरजेच्या अंगाला होतं. रिक्षा केली. आण्णा सारखे रिक्षावाल्याला विचारत होते, "रस्ता बदलला काय रं गड्या?" आणि तो बिचारा आरशात माझ्याकडे बघत होता.

पोचलो तेव्हा बाहेरची रांग आत गेली होती आणि वॉचमन गेटाचं एक दार ओढत होता. "चला, चला, शेवटचं कोण हाय?"

आत मोबाईल चालत नाही. बॅग चालत नाही. आण्णा तर चालतच नाहीत. ज्या माणसाला आता रस्ता ठाऊक नव्हता, त्याला परक्या गावात गेटाबाहेर सोडून मला आत जायचं होतं. मी थांबले असते. खरंच थांबले असते. पण त्यांनीच माझ्या हातातून बॅग घेतली. "जा. बघतीस काय?"

गेटासमोरच्या एका झाडाखाली पालकांचा घोळका होता. पलूसहून मुलाला घेऊन आलेली एक बाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिला मी एवढंच म्हणू शकले, "यांना कुठं जाऊ देऊ नका." ती काय समजायचं ते समजली. "आवं ताई, जावा तुमी. मी हाय न्हवं."

"आण्णा, इथनं हलू नका."

"आगं, पोस्ट सोडून कोन जातंय?" ते म्हणाले. मी आत शिरले आणि मागे गेट लागलं.

झडती झाली, अंगठा झाला, फोटो झाला. स्क्रीनवर वेळ उलटी पळत होती. बुद्धिमत्तेत दिशेचा प्रश्न आला: एक माणूस उत्तरेकडे चालतो, उजवीकडे वळतो, पुन्हा वळतो, तर तो निघाला तिथून आता कोणत्या दिशेला आहे? हे प्रश्न माझे हातचे मार्क होते. त्या दिवशी मी रफ कागदावर बाण काढत राहिले आणि माणूस काही सापडेना. निकालाच्या यादीत माझं नाव नव्हतं. मला ते खुर्चीतून उठतानाच ठाऊक होतं.

बाहेर आले. झाडाखाली आण्णा नव्हते. पलूसच्या बाईने गेटाकडे बोट केलं. "हलले न्हाईत वो लांब. पर सारखं गेटावर जात्यात."

माझी बॅग छातीशी धरून आण्णा वॉचमनपुढे उभे होते. एका हातात घामाने मऊ झालेली प्रवेशपत्राची झेरॉक्स.

"काका, किती बार सांगू, पेपर सुटला," वॉचमन समजुतीने म्हणत होता.

"तसं न्हवं. माज्या पोरीचा पेपर उद्या हाय. लय हुशार हाय ती. तुमी फकस्त गेट कवा उघडता तेवढं सांगा."

मी जवळ गेले. मला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, तीच जुनी, रेकीतली.

"तू कशाला आलीस हितं? लॉजवर बसून वाच म्हटलं व्हतं न्हवं?"

"रस्ता बघायला आले, आण्णा."

"बरं, आलीस तर बघून ठेव." आणि त्यांनी मला सगळं दाखवलं. बायकांची लाईन कुठे, बॅगा कुठे, शेवटची हाक मारताना कोणतं दार ओढतात. एक गोष्ट चुकली नाही. इतकी पक्की रेकी त्यांनी माझ्यासाठी कधीच केली नव्हती. मी प्रत्येक गोष्टीला मान हलवत गेले.

"समजलं का? उद्या घाई नगं."

"व्हय," मी म्हटलं, आणि त्यांचा हात धरून रिक्षा शोधायला निघाले.