साय, तूप आणि मूठभर शेंगदाणे

माझ्या धाकट्या भावाचं खाणं मी महिनाभर चोरून खाल्लं. हे आईला मी कधीच सांगितलं नाही.

तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि अगदी काडी. पुण्याच्या वसतिगृहात जायचं त्याच्या मनात होतं, पण भोरचे आमचे डॉक्टर म्हणाले, तीन पौंड वजन वाढल्याशिवाय तब्येतीच्या दाखल्यावर सही नाही. त्यांनी रोजच्या जेवणाबरोबर घ्यायचा एक पेला कागदावर मांडून दिला: म्हशीचं पंचवीस तोळे दूध, दोन केळी, तोळाभर तूप, साडेतीन तोळे शेंगदाण्यांचं कूट. खाली हिशेब होता. प्रथिनं चोवीस ग्रॅम, स्निग्ध बावन्न, पिष्टमय अडुसष्ट. एकूण आठशे छत्तीस कॅलरी.

मी कॉलेजात शिकणारा, उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलेला. म्हणून आई जिन्नस मोजून ठेवी आणि कालवायचं काम माझ्याकडे. पहिल्याच दिवशी मी दुधावरची साय चाखली. मग तूप भाकरीला लावलं, कूट तोंडात टाकलं. दूध आणि केळी मात्र प्रामाणिकपणे त्यालाच दिली. पेला काठोकाठ दिसायचा, तेव्हा माझं मन म्हणायचं, मूठभर घेतल्यानं काय बिघडतं?

वेल्ह्याकडून तूप आणणारी धनगरीण एकदा भावाकडे बघत आईला म्हणाली, "बाई, ह्यो पोरगा तूप खातुया का अंगाला चोळतुया?" आई हसली. मी विहिरीवर निघून गेलो.

महिन्यानं आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो, तर काट्यावर भाऊ एकच पौंड वाढलेला. पेल्यानं पोट भरल्यामुळे तो रात्री अर्धीच भाकरी खायचा. त्याचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी कागद पुन्हा तपासला, मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि मलाही काट्यावर चढवलं. मी चार पौंड वाढलो होतो.

ओरडले नाहीत. मला खुर्चीवर बसवलं, पेल्यातलं काय काय खाल्लं ते वदवून घेतलं आणि गणित घातलं: पिष्टमयाच्या किंवा प्रथिनाच्या ग्रॅमला चार कॅलरी, स्निग्धाच्या ग्रॅमला नऊ. साय, तूप आणि कूट काढून उरलं किती? मी उत्तर काढलं. साडेतीनशेच्या जरा वर.

"म्हणजे पेला भरलेला, आणि जेवण निम्म्याहून जास्त तुमच्या पोटात," ते म्हणाले.

घरी येताना वाटेत भाऊ म्हणाला, "दादा, मला वाटत होतं माझ्या अंगातच काही खोट आहे."

ते वाक्य मला अजून टोचतं.

डॉक्टरांनी पंधरा दिवस दिले. रोज कालवताना भाऊ माझ्यासमोर मांडी घालून बसायचा आणि तूप चमच्यातून पेल्यात पडेपर्यंत पापणी लववायचा नाही. कूट पडलं की चमचा मागून घ्यायचा आणि तोही चाटायचा. पेला संपवायला मुद्दाम अर्धा तास लावायचा. मी हात मांडीवर ठेवून बघत बसायचो. साय तो बोटानं उचलून सर्वांत शेवटी खायचा.

पंधराव्या दिवशी काट्यावर आणखी दोन पौंड भरले आणि सही झाली. पुण्याच्या गाडीत त्याची ट्रंक मीच चढवली. तो म्हणाला, आता माझ्या माघारी तुझं वजन सांभाळ.