त्या स्क्रिप्टची ओळ

कंपनीने नाशिकचं ऑफिस बंद करायचं ठरवलं तेव्हा सर्व्हर सांभाळणारे आम्ही दोघेच होतो, मी आणि दादा. दादा नात्याने कोणी नव्हेत, ऑफिसातले; माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, घोटीचे. कामातलं जे काही मला येत होतं ते त्यांनी शिकवलेलं. भाड्याची यंत्रं परदेशात कुठेतरी होती आणि आम्ही अंबडच्या ऑफिसात बसून ती चालवायचो. त्याला क्लाउड म्हणायची नुकती सुरुवात झाली होती. माझी आई शेजारणीला सांगायची, आमची ढगात नोकरी करते. पुढे आईच खरोखर ढगात गेली.

पुण्याच्या एका कंपनीत जागा निघाली. एकच. "दोघंबी अर्ज टाकू," दादा म्हणाले, "ज्याचं होईल त्याचं." त्यांचं झालं नाही तर भावाच्या भातगिरणीवर बसायचं होतं, हे त्यांनी मला एकदाच आणि हसत सांगितलं होतं. त्यांचं इंग्रजी कच्चं, म्हणून दोन्ही रेझ्युमे मीच लिहायला घेतले.

मजकूर एकच होता. एकशेवीस यंत्रं. वर्षभरात सेवा नव्व्याण्णव पूर्णांक पंच्याण्णव शतांश टक्के वेळ चालू, म्हणजे सगळं मिळून साडेचार तासांहून कमी बंद. चाचणीची यंत्रं संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी आपोआप बंद करून बिल तिसऱ्या हिश्शाने खाली आणलेलं. आणि ती स्क्रिप्ट, म्हणजे हाताची कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम. आधी सुरक्षेचे अपडेट हाताने टाकायला आम्हा दोघांना दोन दिवस लागायचे. स्क्रिप्ट दहा-दहा यंत्रं बाजूला काढायची, अपडेट टाकून तपासायची, परत कामाला लावायची. एकही बिघडलं की जागच्या जागी थांबायची. दीड तासात काम खलास. ती दादांनी एकट्याने लिहिली होती. मी फक्त चहा आणला होता आणि दोन चुका दाखवल्या होत्या.

"दादा, तुमच्यात 'मी लिहिली' असं टाकते."

"नको गं. सोताची पाठ सोताच थोपटायची? टीमने केली असं टाक. तू पन व्हतीस की."

मी तसंच टाकलं. दोघांच्याही कागदांवर: टीमने केली, त्यात सहभाग.

रविवारी इंदिरानगरच्या घरी बसून माझा कागद परत वाचला. मैत्रीण पुण्यात भरतीचं काम करायची, तिने फोनवर झापलं. "टीमला कोण नोकरी देतंय? तू काय केलंस ते लिही." मी फाइल उघडली आणि लिहिलं, स्क्रिप्ट स्वतः तयार केली. इंग्रजीत जेमतेम चार शब्द. दादांची फाइलही त्याच फोल्डरमध्ये होती, तीही उघडता आली असती. मी उघडली नाही. घाईत राहून गेलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले, आणि ते धादांत खोटं आहे.

मुलाखती एकाच दिवशी झाल्या, आधी माझी. सेवा किती वेळ चालू ते कसं मोजायचात, त्यांनी विचारलं. बाहेरून दर मिनिटाला तपासणी, मी म्हटलं. स्क्रिप्ट मध्येच थांबली तर? तेही नीट सांगितलं, कारण दादांनी मला ते समजेपर्यंत तीनदा समजावलं होतं. मी गेल्यावर दादा आत गेले. दहा मिनिटांत बाहेर आले. येताना बसमध्ये त्यांनी मला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली आणि सिन्नर येईपर्यंत झोपले.

नोकरी मला लागली. दादा घोटीला गेले. मी फोन करायचे, मग कमी केले. त्यांचा आवाज तसाच मोकळा असायचा, त्याचाच मला राग यायचा. एकदा तरी चिडावं माणसाने.

वर्षाने त्यांचा मेल आला, इंग्रजी अक्षरांत मराठी. नाशिकला एक जागा निघालीय, पुन्हा बघतो म्हणतो, तुझा रेझ्युमे नमुन्याला पाठव, तुझा लागू पडला ना. मी फाइल उघडली. ती ओळ बघितली. आणि ती खोडून जुनी ओळ परत लिहिली: टीमने केली, त्यात सहभाग. मग पाठवली. मला वाटलं, सुटले.

तासाभरात उत्तर आलं.

"मुलाखतीत तुझा कागद समोर ठेवला व्हता त्यांनी. त्यात येगळं व्हतं. त्यांनी विचारलं, ही स्क्रिप्ट त्या बाईंनीच लिवली ना? मी हो म्हनलो. मला तोच कागद पाठव."