नायब सुभेदार बाबर यांचा दोन पानी कागद

सर्जेराव बाबर सव्वीस वर्षांची नोकरी करून लष्करातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांचं वय होतं सेहेचाळीस. गाव विट्याजवळचं, पण पोरीच्या कॉलेजसाठी बिऱ्हाड पुण्यात, दिघीला. सेनेत ते आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये स्टोअरकीपर होते. म्हणजे जवानाच्या ताटात पडणारं धान्य, डबाबंद भाजी, चुलीचं रॉकेल, हे सगळं येतं कुठून, ठेवायचं कुठं आणि पोचवायचं कसं, हे काम. गावात मात्र फौजेतून आलेला कुणीही असो, त्याला 'मेजर'च म्हणतात. शिपाई म्हणून गेला असला तरी मेजर. दिघीच्या इमारतीतही तेच झालं. दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे 'नमस्कार मेजर'. सर्जेरावांनी सुरुवातीला दोन-चार वेळा दुरुस्ती केली, मग सोडून दिलं.

पहिला रेझ्युमे त्यांनी स्वतःच इंग्रजीत टाइप केला. क्रमांक, हुद्दा, ट्रेड, युनिट, कुठं किती वर्षं, पदकं. नीट रकाने आखून. लष्करात असा कागद पाहिला की समोरच्याला माणूस कळतो. पण चाकणच्या कंपन्यांना त्यातलं काही कळेना. चार महिन्यांत अकरा ठिकाणी अर्ज गेले आणि फोन आले तीन. तिन्ही सिक्युरिटी सुपरवायझरच्या जागेचे.

"गेटवर उभं राहण्यात कमीपणा नाही," ते बायकोला, वंदनाला म्हणाले. "पण मी बंदूक कमी आणि वजनकाटा जास्त हाताळलाय. मला गेटच्या आत जायचंय."

मग कुणीतरी भोसरीचा एक एजंट सुचवला. हा फौजींचे रेझ्युमे बनवायचा आणि नोकरीच्या वेबसाइटवर टाकायचा. त्याने दाखवलेला मसुदा सर्जेरावांना जरा फुगवलेला वाटला, पण हुद्दा बरोबर होता. दोन आठवड्यांत एका मोठ्या गोदाम कंपनीचं बोलावणं आलं.

मुलाखत घ्यायला तिथले ऑपरेशन्स प्रमुख बसले होते. नाव भटनागर, स्वतः निवृत्त कर्नल. सर्जेराव आत आले तसे ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि हात पुढे केला.

"या मेजर बाबर. कुठल्या कोर्सचे तुम्ही?"

सर्जेरावांना क्षणभर काही कळलं नाही. कोर्स विचारतात तो अकादमीतून अधिकारी झालेल्यांना. मग टेबलावरच्या कागदावर नजर गेली. वरच ठळक अक्षरांत छापलं होतं: मेजर सर्जेराव बाबर (निवृत्त), सप्लाय चेन प्रमुख. वेबसाइटवर टाकताना एजंटाने परस्पर बदल केला होता. बाहेर सगळे हाक मारतात तोच हुद्दा त्याने लिहून टाकला होता.

ते पुढे केलेला हात न धरता सावधान उभे राहिले. "सर, मी मेजर नाही. नायब सुभेदार आहे. हा कागद माझा आहे, पण ही ओळ माझी नाही."

कर्नलसाहेब बसले. बराच वेळ कागद वाचत राहिले. "आणि हे? गोदामाची संगणक प्रणाली उभारली?"

"नाही सर. रजिस्टर संगणकावर होतं, ते चालवलं. उभारली नाही."

"तुम्ही काय केलंत ते यात कुठंच नाहीये, बाबरसाहेब. जे नाही केलंत तेवढंच आहे." त्यांनी कागद परत दिला. आवाज चढवला नाही. "या कागदावर मी तुम्हाला घेऊ शकत नाही. घेतलं तर उद्या असा कागद आणणाऱ्या कुणालाही घ्यावं लागेल. जा, आणि आधी तो वेबसाइटवरून काढा."

बाहेर आल्यावर सर्जेरावांनी एजंटाला फोन लावला.

"अहो मेजर, तुम्हाला सगळे तेच म्हणतात की," तो म्हणाला. "हाक आली ना मुलाखतीची? मग?"

"संध्याकाळपर्यंत काढा. नाही काढलंत तर मी तिथंच येऊन बसतो."

चार वाजता कागद वेबसाइटवरून गेला होता. पण दोन दिवस सर्जेरावांच्या मनातून ते जाईना. न मिळवलेला हुद्दा लावला, तोही एका कर्नलसमोर. नोकरी हुकली याचं त्यांना काही नव्हतं; हुद्द्याचं सलत होतं.

तिसऱ्या दिवशी वंदनाने वरच्या मजल्यावरच्या शुभांगी धायगुडेला गाठलं. शुभांगी गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात इन्व्हेंटरी बघायची, म्हणजे वहीतला माल आणि फळीवरचा माल जुळतो की नाही हे पाहणं तिचं काम. रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन खाली आली. वंदनाने पोहे टाकले.

"काका, मला फौजेतलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, मी विचारत जाते. मला कळलं तर एचआरवाल्यांना कळेल."

"विचारा."

"इथं एसकेटी लिहिलंय, म्हणजे?"

"स्टोअर कीपर टेक्निकल."

"त्याने काय कळणार? तुम्ही दिवसभर करत काय होता?"

सर्जेराव सांगू लागले. उत्तरेत उंचावर खिंडी नोव्हेंबरच्या सुमाराला बंद होतात, त्या उघडेपर्यंत वसंत येतो. मधल्या महिन्यांचं सगळं आधीच चढवून ठेवायचं. उन्हाळ्यात ट्रकमागून ट्रक. ट्रक आला की वजन, मोजणी, फुटलं-सांडलं त्याचा वेगळा कागद. मग ठाण्याठाण्याला वाटप. कुठं गाडीने, कुठं खेचरावर, कुठं हमालांच्या पाठीवर.

शुभांगी टाइप करायची थांबली होती. "काका, याला आमच्याकडे मागणीचा अंदाज, हंगामी साठवण आणि शेवटच्या टप्प्याची पोच म्हणतात. त्यावर लोक डिग्र्या घेतात."

"आम्ही त्याला विंटर स्टॉकिंग म्हणतो."

"मग दोन्ही लिहू. आधी त्यांचा शब्द, मग तुमचा. आणि डबे? आधी आलेला माल आधी बाहेर, फिफो?"

"नाही," सर्जेराव म्हणाले. "आधी आलेला नव्हे. आधी मुदत संपणारा आधी. उशिरा आलेल्या ट्रकमध्येही जुना डबा असतो."

"म्हणजे फेफो. हे असंच लिहायचं. यातला फरक आमच्या निम्म्या पोरांना माहीत नाही."

मग आकड्यांवर गाडी अडली. किती टन, किती ठाणी, कुठं, किती माणसांसाठी, असं तिने विचारलं आणि सर्जेरावांनी मान हलवली.

"ते लिहायचं नाही. किती माणसांचं रेशन ते सांगितलं की किती माणसं आहेत ते सांगितलं."

"अहो पण आकडा नसेल तर कोण विश्वास ठेवणार?"

"नाही ठेवला तर नाही."

शुभांगीने पोह्यांची बशी बाजूला सारली आणि विचार केला. "बरं, जे सांगता येईल ते सांगा. तुमच्या हाताखाली किती?"

"त्या वेळी बावीस. शिवाय हमाल."

"वस्तूंचे प्रकार?"

"शंभराच्या आसपास धरा."

"वर्षाची मोजणी?"

"अधिकाऱ्यांचं बोर्ड बसतं. रजिस्टर आणि प्रत्यक्ष माल. माझ्या शेवटच्या पाच वर्षांत बोर्डाने एकही फरक काढला नाही."

"झालं की मग. ठाण्याचं नाव नको, युनिट नको, टन नको. 'उंच डोंगराळ भाग, सहा महिने रस्ता बंद, बावीस जणांचा चमू, सलग पाच वार्षिक मोजण्या निर्दोष.' यात कुठलं गुपित फुटलं?"

सर्जेरावांनी दोनदा वाचलं. "यात काही नाही."

खरी अडचण पुढंच होती. ते प्रत्येक वाक्य 'आम्ही' म्हणून सांगायचे. आम्ही चढवलं, आम्ही मोजलं. शुभांगी प्रत्येक वेळी विचारायची, "आम्ही म्हणजे कोण? तुम्ही काय केलंत?" आणि ते अवघडून जायचे. रॉकेलची गोष्ट निघाली तेव्हा तर ते सरळ उठायलाच लागले. एका वर्षी सप्टेंबरमध्येच एका ठाण्याचा रॉकेलचा खप वाढलेला दिसला. मागच्या तीन वर्षांची रजिस्टरं काढून हिशेब मांडला, तर फेब्रुवारीत तिथं तुटवडा पडणार होता. खिंड बंद व्हायच्या आत दोनशे जादा डबे वर गेले. त्या हिवाळ्यात बर्फ लवकर पडला आणि वितळला उशिरा, पण तिथं चूल विझली नाही.

"हे लिहिते. 'तुटवडा टाळण्याचा निर्णय घेतला.'"

"निर्णय साहेबांचा. सही त्यांची आहे."

"आणि हिशेब कुणी मांडला?"

स्वयंपाकघराच्या दारातून वंदना म्हणाली, "यांनीच. त्या सुट्टीला आले तेव्हा झोपेतसुद्धा डबे मोजत होते. आता सांगायला लाज वाटते."

"मग असं लिहू," शुभांगी म्हणाली. "'खपाचा अभ्यास करून तुटवड्याचा अंदाज बांधला आणि जादा साठ्याची शिफारस केली; शिफारस मंजूर झाली.' साहेबांचं साहेबांकडे, तुमचं तुमच्याकडे."

हे वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "हे मी शपथेवर सांगू शकतो."

हुद्द्याची ओळ सगळ्यात शेवटी झाली. 'नायब सुभेदार' तसंच राहिलं. त्याखाली एक ओळ: कनिष्ठ कमिशन्ड अधिकारी, शिपाई ते अधिकारी असा बढतीने प्रवास, गोदामातल्या शिफ्ट प्रमुखाच्या जवळपासची जबाबदारी. शुभांगीला 'व्यवस्थापक' लिहायचं होतं. सर्जेराव म्हणाले, "व्यवस्थापक माझे साहेब होते." संगणक प्रणालीची ओळ गेली, तिथं 'संगणकीकृत साठा रजिस्टर, एक्सेल' एवढंच आलं. पदकं दुसऱ्या पानाच्या तळाला गेली. ते त्यांना थोडं लागलं, पण त्यांनी ती तिथंच राहू दिली.

नवा कागद सात ठिकाणी गेला आणि दोन बोलावणी आली. पहिल्या ठिकाणच्या लोकांना सर्जेरावांचं वय जास्त वाटलं आणि तसं त्यांनी तोंडावर सांगितलं. दुसरं खेडजवळचं किराणा मालाचं गोदाम. तिथला व्यवस्थापक, केतन शहा, तिशीतला. सैन्यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याने पेनने एका ओळीवर खूण केली होती.

"हे रॉकेलचं सांगा. अंदाज कसा बांधला?"

सर्जेरावांनी कागद मागितला आणि तीन वर्षांचे रकाने आखून दाखवले. आकडे खरे नव्हते, पद्धत खरी होती. शहाने मध्येच विचारलं, "आणि चुकला असता अंदाज तर?"

"तर दोनशे डबे उन्हाळ्यात तसेच सापडले असते आणि मला जाब द्यावा लागला असता. उलटं चुकलं असतं तर जाब विचारायला कुणी उरलं नसतं."

शहा हसला नाही. त्याने विचारलं, "आमची प्रणाली येते वापरायला?"

"नाही. शिकेन."

मिळाली ती जागा शिफ्ट प्रमुखाची नव्हती. आवक विभागात सहायक, सहा महिने प्रोबेशनवर. घरी सांगताना सर्जेरावांनी तेही सांगितलं, काही न लपवता. वंदना म्हणाली, "गेटच्या आत आहे ना?"

पहिला महिना जड गेला. हातातल्या स्कॅनरचं बटण सापडेना, चोविशीतली वृषाली नावाची मुलगी त्यांना 'सर, पुन्हा दाबा' सांगायची आणि ते निमूट दाबायचे. दुसऱ्या महिन्यात त्यांनी बिस्किटांच्या एका ट्रकमधली मुदत संपत आलेली चाळीस खोकी माल उतरवायच्या धक्क्यावरच वेगळी काढली. प्रणालीने ती नवी म्हणून आत घेतली असती. सहा महिने पुरे झाले त्या आठवड्यात शहाने त्यांना दुपारच्या शिफ्टचं प्रमुख केलं. पत्र इंग्रजीत होतं. सर्जेरावांनी ते घरी नेलं, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, हुद्द्याची ओळ पुन्हा एकदा वाचली, आणि मगच खाली सही केली.