जयराजसाहेबांची सही

सम्मेदला खुर्चीत बसलेलं मी कवाच बघितलं न्हाई. सांगलीच्या हळदवाल्या घरातलं हे पोरगं. दुकानाची गादी सोडून कारखान्यांची वीज तपासत फिरतं. आमच्या शिरवळच्या कारखान्यातल्या सबस्टेशनचा अहवाल त्याच्याकडंच होता. मी तिथला मेंटेनन्सचा हंबीरराव, आणि विजेच्या पॅनेलवर ड्युटीला माझा सख्खा धाकटा भाऊ जोतीराम.

कटकट अशी, की कॉम्प्रेसरच्या लाइनीत शॉर्ट झाला की त्याची वीज तोडणाऱ्या ब्रेकरसंगं मेन ब्रेकरही उडायचा आणि सगळा कारखाना अंधारात. उडण्याआधी थांबायची वेळ दोघांनाही सारखीच लावलेली. कॉम्प्रेसर चालू होताना उडतो म्हणून त्याचं झटपट उडणंच कुणीतरी बंद करून ठेवलेलं. काय म्हणावं असल्या अकलेला!

जयराजसाहेब आमचे प्लँट मॅनेजर. त्यांना सोपा उपाय हवा होता: मेनची वेळ वाढवा, तीन दशांश सेकंदाची सहा दशांश करा. उत्पादन थांबायला नको. सम्मेद येरझाऱ्या घालत म्हणाला, तसं केलं तर पॅनेलच्या आतच शॉर्ट झाल्यावर आग दुप्पट वेळ जळेल, कारण तिथली वीज फक्त मेनच तोडतो. त्यापेक्षा रविवारी कारखाना बंद ठेवा. चालू होतानाचा करंट मोजू, त्याच्या वर कॉम्प्रेसरचं झटपट उडणं लावू. मेन आहे तिथंच राहू दे.

साहेबांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. अहवालाचा सारांश जरा मऊ लिहा, म्हणाले. मी बोललो असतो, पण माझी जीभ लय वाईट. बोलून नोकरी घालवली असती.

दुसऱ्या दिवशी सम्मेदनं एकच पान आणलं. दोन्ही उपाय साध्या मराठीत, आकड्यांसकट. पहिल्या, म्हणजे मेनची वेळ वाढवायच्या उपायाखाली लिहिलेलं, की पॅनेलसमोर उभ्या माणसाचा धोका वाढेल आणि तो पत्करणाऱ्यानं इथं सही करावी. साहेब बराच वेळ पेन फिरवत राहिले. सम्मेद खिडकीशी जाऊन आला, परत गेला.

"इथं कोण उभं असतं?" साहेबांनी विचारलं.

"माझा भाऊ," मी म्हणालो.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. रविवारी काम झालं. सोमवारी कुरकुर झाली, मग सगळे विसरले.

श्रावणात पॅनेलमध्ये पाल शिरली. जोतीराम मीटर वाचत होता. धडाका झाला, दार फुगलं, मेन उडाला आणि सगळा कारखाना काळाठिक्कर. मी धडपडत पोचलो तवा तो भिंतीला टेकून खोकत होता. अर्धी भुवई जळालेली, हात भाजलेला. बाकी धड.

मी सम्मेदला फोन लावला. मेननं वेळेत तोडलं, सांगितलं. किती सेकंदात तोडलं, तो आकडा त्यानं विचारलाच न्हाई. "जोतीराम बोलू शकतोय का? त्याला द्या," एवढंच म्हणाला. मी फोन जोतीरामाच्या कानाला लावला आणि लहान पोरावाणी रडलो.